शब्द घरचा, अर्थ उताऱ्यातला : नवोदयच्या पेपरमध्ये पर्याय तपासायचा कसा?

कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जाणाऱ्या, दौंड-कुरकुंभ रस्त्यावर दुकान, गॅरेज चालवणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत मुलं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जातात आणि घरी अम्मी-अब्बूंशी दखनी किंवा हिंदी बोलतात. पाचवीत आलं की घरात नवोदयचा विषय निघतो. पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शेजारच्याच शिरूर तालुक्यात, पिंपळे जगतापला आहे. सहावीपासून बारावीपर्यंत राहून शिकायची सोय तिथे होते. मात्र सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. दुसरी संधी नाही.

या परीक्षेत एकूण 80 प्रश्न आणि 100 गुण असतात. त्यातले 20 प्रश्न, म्हणजे 25 गुण, भाषेचे. भाषेच्या भागात चार छोटे उतारे असतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. उतारे पाठ्यपुस्तकातले नसतात, मूल ते पहिल्यांदाच वाचत असते. या पाचांत शब्दाच्या अर्थाचा प्रश्न हमखास भेटतो : 'उताऱ्यातील अमुक शब्दाचा अर्थ काय?' किंवा 'या शब्दाच्या विरुद्ध अर्थाचा शब्द निवडा.' एका प्रश्नाला सव्वा गुण आहे. प्रवेश ठरताना सव्वा गुणावर मुलं पुढे-मागे होतात.

गंमत अशी की हुशार मुलंही हा प्रश्न चुकतात, आणि अवघड शब्दावर नाही, ओळखीच्या शब्दावर चुकतात. 'तालीम' शब्द दिसला की आपल्या घरातलं मूल पटकन 'शिक्षण' या पर्यायावर खूण करतं. घरी तालीम म्हणजे शिक्षणच ना! पण उतारा मराठी आहे आणि तो कुस्तीवर आहे. तिथे तालीम म्हणजे पैलवानांची व्यायामाची जागा. मुलाला शब्द येत होता, अर्थही येत होता, फक्त तो या उताऱ्यातला नव्हता.

असे शब्द मराठीत बरेच आहेत. फारसीच्या वाटेने ते मराठीत आले आणि इथे त्यांचा अर्थ वळला. रजा, हरकत, चीज, खुलासा, राजीनामा ही त्यातलीच काही नावं. त्यामुळे आपल्या मुलांसाठी या प्रश्नावर एकच भरवशाचा उपाय आहे : अर्थ आठवायचा नाही, चारही पर्याय उताऱ्यात ठेवून तपासायचे. हे तपासणं नेमकं कसं करायचं, ते आम्ही एका उताऱ्यावर करून दाखवतो. उतारा आम्हीच पाचवीच्या पातळीवर तयार केला आहे. आधी तो मुलाला एकदा सलग वाचू द्या.

उतारा

दादाला कुस्तीचे वेड होते. रोज पहाटे तो तालमीत जाई आणि घाम निथळेपर्यंत जोर मारी. वडील एका कंपनीत कामाला होते. जत्रेत दादाची मोठी कुस्ती ठरली, तेव्हा वडिलांनी साहेबांकडे दोन दिवसांची रजा मागितली. साहेब आधी कुरकुरले. काम खोळंबेल, असे त्यांना वाटत होते. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या जागी दुसरा माणूस येणार असेल, तर माझी हरकत नाही." जत्रेच्या दिवशी आखाड्याभोवती माणसांची दाटी झाली होती. समोरचा पैलवान वजनाने भारी होता. पण दादाने धीर सोडला नाही. पाचव्या मिनिटाला त्याने डाव टाकला आणि समोरच्याला चीतपट केले. वडिलांचे डोळे भरून आले. वर्षभराच्या मेहनतीचे चीज झाले होते.

पहिला प्रश्न : 'रजा' या शब्दाचा उताऱ्यातील अर्थ कोणता?

(अ) परवानगी (ब) सुट्टी (क) मदत (ड) उचल

पर्याय वाचण्याआधी मुलाला एक काम करायला सांगा. 'रजा' या शब्दावर बोट ठेवून तो झाकायचा आणि वाक्य वाचायचं : 'वडिलांनी साहेबांकडे दोन दिवसांची ... मागितली.' रिकाम्या जागी आपल्या मनाने काय येईल? बहुतेक मुलं 'सुट्टी' म्हणतील. हा त्यांचा स्वतःचा अंदाज झाला. तो आधी का करायचा? पर्याय आधी वाचले, तर चारही शब्द डोक्यात घोळतात आणि त्यातला जो घरच्या अर्थाशी जुळतो, तो ओढून घेतो. 'रजा' म्हटल्यावर 'मर्जी, इजाजत' हाच अर्थ ज्यांच्या कानावर आहे, ती मुलं सरळ 'परवानगी'कडे जातात.

आता एकेक पर्याय वाक्यात ठेवू. 'दोन दिवसांची परवानगी मागितली.' चालतंय. 'दोन दिवसांची सुट्टी मागितली.' चालतंय. 'दोन दिवसांची मदत मागितली.' थोडं अडखळतं, पण चालून जातं. 'दोन दिवसांची उचल मागितली.' हेही चालतं. कंपनीत कामाला जाणाऱ्या घरात पगाराआधी घेतलेली उचल मुलांना माहीत असते.

म्हणजे चारही पर्याय वाक्यात बसले. इथेच बरीच मुलं गोंधळतात आणि 'सगळेच बरोबर वाटतात' म्हणून अंदाजाने खूण करतात. खरं म्हणजे तपासणी इथे संपत नाही, इथे ती अर्धी झालेली असते. पर्याय वाक्यात बसणं ही पहिली अट आहे. तो ठेवल्यावर उताऱ्याचं म्हणणं बदलू नये, ही दुसरी अट. दुसरी अट पाहायला शब्दाच्या पुढचं आणि मागचं वाक्य वाचावं लागतं.

पुढचं वाक्य सांगतं, साहेबांना काम खोळंबेल असं वाटलं. वडिलांनी उचल मागितली असती, तर काम का खोळंबलं असतं? पैशाची अडचण झाली असती, कामाची नाही. 'उचल' गेली. मदत मागितली असती, तरी 'तुमच्या जागी दुसरा माणूस' हे वाक्य तिथे आलं नसतं. 'मदत' गेली. उरले 'परवानगी' आणि 'सुट्टी'.

असे दोन उरले की मुलाने स्वतःला विचारायचं, यातला कोणता शब्द स्वतःच्या पायावर उभा राहतो? 'दोन दिवसांची परवानगी' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कशाची परवानगी? बाहेर जायची, घरी राहायची, की दुसरं काही करायची? ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि उताऱ्यात तर ते सांगितलेलं नाही. 'दोन दिवसांची सुट्टी' म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. दोन दिवस माणूस कामावर नसणार, म्हणून काम खोळंबणार, म्हणून त्याच्या जागी दुसरा हवा. सगळी साखळी जुळली. उत्तर (ब).

दुसरा प्रश्न : 'हरकत' या शब्दाचा उताऱ्यातील अर्थ कोणता?

(अ) हालचाल (ब) खोडी (क) आक्षेप (ड) इच्छा

घरी पोराने काही उद्योग केला की आपण म्हणतो, 'ये क्या हरकत है?' त्यामुळे 'खोडी' हा पर्याय आपल्या मुलांना लगेच जवळचा वाटतो. तपासून बघू.

'दुसरा माणूस येणार असेल, तर माझी खोडी नाही.' वाक्य ऐकताच हसू येतं. 'माझी हालचाल नाही.' हेही जमत नाही. 'माझी इच्छा नाही.' हे मात्र अगदी सरळ, रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे. आणि 'माझी आक्षेप नाही'? कानाला खटकतं. बऱ्याच मुलांचा हात इथे 'इच्छा'वर जातो, कारण एकटं तेच वाक्य कानाला गोड लागतं.

ही मराठीतली खास अडचण आहे आणि ती मुलाला एकदा नीट समजावून दिली पाहिजे. 'हरकत' स्त्रीलिंगी शब्द आहे, म्हणून उताऱ्यात 'माझी' आहे. 'आक्षेप' पुल्लिंगी आहे, म्हणून तो ठेवताना 'माझी'चं 'माझा' करावं लागतं : 'तर माझा आक्षेप नाही.' आता वाक्य नीट झालं. समान अर्थाच्या दोन शब्दांचं लिंग सारखंच असेल असा नियम नाही. म्हणून पर्याय ठेवताना आजूबाजूचं 'चा-ची-चे', 'माझा-माझी-माझे', 'झाला-झाली-झाले' हवं तसं बदलून घ्यायचं. निव्वळ लिंग जुळत नाही म्हणून पर्याय कधीच बाद करायचा नाही. या प्रश्नात तर तीन चुकीच्या पर्यायांचं लिंग जुळतं आणि बरोबर उत्तराचंच जुळत नाही.

आता 'इच्छा'ला दुसरी अट लावू. उताऱ्याचं म्हणणं तेच राहतं का? 'दुसरा माणूस येणार असेल, तर माझी इच्छा नाही' म्हणजे साहेबांनी नकार दिला. मग वडील जत्रेला आले कसे? उताऱ्याच्या शेवटी दादा जिंकल्यावर त्यांचे डोळे भरून आले, म्हणजे ते आखाड्याजवळ हजर होते. साहेबांनी होकारच दिला होता. 'इच्छा' ठेवली तर उतारा उलटा होतो. उत्तर (क).

या प्रश्नातून एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रश्न काढणारा अनेकदा असा एक पर्याय ठेवतो, जो वाक्यात मस्त बसतो पण अर्थ उलटवतो. तो पकडायला कधी कधी शेजारचं वाक्य पुरत नाही, उताऱ्याचा शेवट पाहावा लागतो. म्हणूनच उतारा आधी सलग वाचायचा आणि मग प्रश्नांकडे जायचं. प्रश्न वाचून शब्द शोधायचा आणि तेवढी एकच ओळ वाचायची, ही सवय या प्रश्नात दगा देते.

तिसरा प्रश्न : 'चीज होणे' याचा उताऱ्यातील अर्थ कोणता?

(अ) वस्तू होणे (ब) सार्थक होणे (क) बक्षीस होणे (ड) नुकसान होणे

घरी चीज म्हणजे वस्तू. 'क्या चीज है!' पण 'मेहनतीची वस्तू झाली होती' या वाक्याला काही अर्थच नाही. (अ) गेला. 'मेहनतीचे बक्षीस झाले होते' हेही नीट वाटत नाही. बक्षीस मिळतं, होत नाही. हा फरक लिंगाच्या फरकासारखा नाही. 'माझी'चं 'माझा' करून वाक्य सुधारतं. इथे क्रियापद बदलावं लागतं, आणि प्रश्नात 'होणे' तर ठरवूनच दिलं आहे. शिवाय उताऱ्यात बक्षिसाचा कुठे उल्लेख नाही. कुस्ती म्हटली की इनाम असणारच, असं मुलाच्या मनात येतं, पण ते त्याच्या माहितीतून आलं, उताऱ्यातून नाही. (क) गेला.

राहिले 'सार्थक' आणि 'नुकसान'. दोन्ही 'झाले होते'बरोबर बसतात. आधीचं वाक्य आहे : 'वडिलांचे डोळे भरून आले.' डोळे दुःखानेही भरतात आणि आनंदानेही. म्हणजे शेजारच्या वाक्याने निकाल लागला नाही. मग आणखी एक वाक्य मागे जायचं : दादाने समोरच्याला चीतपट केलं. म्हणजे दादा जिंकला. जिंकल्यावर मेहनतीचं नुकसान कसं होईल? मेहनत कामी आली, सार्थक झाली. उत्तर (ब).

मुलाला 'सार्थक' शब्द माहीत नसेल तर? तरीही उत्तर सापडतं. बाकीचे तीन पर्याय कारण देऊन बाद करता आले, तर उरलेला अनोळखी शब्दच उत्तर असतो. अनोळखी दिसतो म्हणून पर्याय सोडून देणं ही मोठी चूक आहे. प्रत्येक पर्याय तपासण्याचा खरा फायदा इथेच कळतो.

विरुद्ध अर्थ विचारला असेल तर

समजा प्रश्न आला, 'भारी' या शब्दाचा उताऱ्यातील अर्थाच्या विरुद्ध शब्द कोणता? (अ) वाईट (ब) हलका (क) स्वस्त (ड) जड. पोरांच्या बोलण्यात 'भारी' म्हणजे एकदम छान, त्यामुळे 'वाईट' हा पर्याय खुणावतो. बाजारात भारी कापड म्हणजे महाग कापड, त्यामुळे 'स्वस्त'ही बरोबर वाटतो. आणि 'विरुद्ध' हा शब्द घाईत वाचायचा राहिला, तर 'जड'वर खूण होते.

इथे काम दोन टप्प्यांत करायचं. आधी उताऱ्यातला अर्थ ठरवायचा : 'वजनाने भारी' म्हणजे जड. मग त्याचा उलटा शब्द शोधायचा : हलका. तो वाक्यात ठेवून बघायचा : 'समोरचा पैलवान वजनाने हलका होता.' इथे उताऱ्याचं म्हणणं बरोबर उलटलं पाहिजे, आणि ते उलटतं. 'वजनाने वाईट' किंवा 'वजनाने स्वस्त' कुणी म्हणत नाही. उत्तर (ब). प्रश्नातल्या 'विरुद्ध' शब्दाखाली पेन्सिलीने किंवा बोटाने रेघ ओढायची सवय सरावात लावली, तर 'जड'ची चूक टळते.

वेळेचं काय?

भाषेच्या भागासाठी साधारण 30 मिनिटं धरलेली असतात. चार उतारे म्हणजे एकाला साडेसात मिनिटं. उतारा सलग वाचायला दोन-अडीच मिनिटं गेली, तरी प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट मिळतं. चार पर्याय वाक्यात ठेवून मनात वाचायला सरावानंतर अर्धं मिनिट पुरतं. सुरुवातीला मात्र एका प्रश्नाला पाच मिनिटं लागली तरी घाई करू नका. आधी पद्धत अंगात मुरू द्या, मग घड्याळ लावा.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. 'तिच्या हातात परात होती' एवढंच वाक्य असेल आणि पुढे-मागे परातीबद्दल काहीच नसेल, तर थाळी, टोपली, घागर, पिशवी हे सगळे पर्याय बसतील आणि कोणीच बाद होणार नाही. तिथे शब्दच माहीत असावा लागतो. अशा प्रश्नावर अडून बसायचं नाही. जे पर्याय बाद करता येतील ते करायचे, उरलेल्यातला एक निवडायचा आणि पुढे जायचं. चुकलेल्या उत्तराला या परीक्षेत गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा ठेवण्यात काही मिळत नाही.

घरी सराव कसा घ्यायचा?

यासाठी वेगळं पुस्तक लागत नाही. मराठी वर्तमानपत्रातला किंवा 'किशोर' मासिकातला एक परिच्छेद घ्या आणि त्यातला एक शब्द निवडा. मग चार पर्याय तुम्ही स्वतः बनवा. एक बरोबर अर्थाचा. दुसरा घरच्या बोलीतल्या अर्थाचा. तिसरा वाक्यात बसणारा पण अर्थ उलटवणारा. चौथा उताऱ्याच्या विषयातला, पण त्या शब्दाशी संबंध नसलेला, जसं वर 'बक्षीस' होतं. अम्मीचं मराठी कच्चं असेल, तर मोठ्या भावा-बहिणीने किंवा मुलानेच पर्याय बनवावेत. ज्याला चुकीचा पर्याय बनवता येतो, त्याला तो पेपरात ओळखताही येतो.

उत्तर तपासताना 'बरोबर' किंवा 'चूक' एवढ्यावर थांबू नका. मुलाला विचारा, 'बाकीचे तीन का नाहीत?' प्रत्येकाचं कारण सांगता आलं, तर त्याने खरोखर तपासलं आहे. 'मला हाच वाटला' असं उत्तर आलं, तर खूण बरोबर असली तरी तो अंदाज होता, आणि तोच प्रश्न शब्द बदलून आला की चुकेल. चुकलेल्या प्रश्नापुढे वहीत चुकीचं कारण दोन शब्दांत लिहून ठेवायला सांगा : 'घरचा अर्थ', 'अर्थ उलटला', 'लिंगावरून सोडला', 'विरुद्ध वाचलं नाही'. आठवडाभरात वही उघडली की मूल कोणत्या जागी वारंवार अडखळतंय ते तुम्हाला दिसेल, आणि पुढचा सराव तेवढ्यावरच घेता येईल.

शेवटी एक विनंती. मुलाने 'रजा'ला परवानगी किंवा 'तालीम'ला शिक्षण म्हटलं, तर त्याला 'चुकीचं बोलतोस' असं म्हणू नका. घरात तो अर्थ बरोबरच आहे. एका शब्दाला घरात एक अर्थ आणि मराठी उताऱ्यात दुसरा अर्थ असू शकतो, आणि परीक्षेत उताऱ्यातला चालतो, एवढंच त्याला सांगा. दोन भाषा येणारं मूल हा फरक लवकर पकडतं, फक्त खूण करण्याआधी चारही पर्याय वाक्यात ठेवून बघायला विसरू नये.